जवळची वाट, बंधारा आणि पाणी: उपग्रहचित्र, खुला नकाशा की पलीकडे एक फोन?

कोल्हापूरहून सायकलने पंचगंगेपलीकडे जायचे म्हटले की नकाशा जी जवळची वाट सुचवतो, ती पुष्कळदा पुलावरून नव्हे, तर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून जाते. नकाशावर दोन्ही ठिकाणी नदी ओलांडणारी एकच रेघ दिसते. बंधाऱ्याचा माथा मात्र मुळातच पुरात बुडावा अशा बेताने ठेवलेला असतो. पावसाळ्यापूर्वी त्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात, नदी वाढली की पाणी थेट माथ्यावरून वाहते आणि ते उतरेपर्यंत रस्ता उरत नाही. अशा वाटेची आधी खात्री करण्याचे तीन मार्ग मी गेली काही वर्षे वापरत आलो आहे, त्यांचाच हा आढावा.

पहिला मार्ग उपग्रहचित्राचा. पूल खरोखर बांधलेला आहे की नुसतेच खांब उभे आहेत, हे त्यात चांगले कळते. रेल्वेच्या फाटकासाठीही मी तेच पाहतो. ब्रॉडगेज मार्गांवरील मानवरहित फाटके जानेवारी 2019 पर्यंत संपवण्यात आली, पण जुन्या नकाशांत रूळ ओलांडणारी रेघ तशीच राहिलेली आढळते. चित्रात रस्ता रुळांपाशी तुटलेला दिसला किंवा बाजूला भुयारी मार्गाचा उतार दिसला, की निर्णय सोपा होतो.

बंधाऱ्याच्या बाबतीत मात्र याच चित्राने माझी निराशा केली. एका ऑगस्टमध्ये कसबा बावड्याहून वडणग्याकडे जाण्यापूर्वी मी राजाराम बंधारा चित्रात नीट न्याहाळला होता. माथा कोरडा होता आणि त्यावर एक दुचाकीही दिसत होती. प्रत्यक्षात पोहोचलो तेव्हा रस्त्यावर अडथळे लावलेले होते आणि त्यांच्या पुढे केंदाळ वाहून नेणारे तांबडे पाणी होते. शिवाजी पुलापर्यंतचा सगळा वळसा परत घालावा लागला. नंतर लक्षात आले की, नकाशासाठी ढग नसलेलीच चित्रे निवडतात, आणि आपल्याकडे निरभ्र आकाश म्हणजे बहुतेक दिवाळीनंतरचे किंवा उन्हाळ्यातले. म्हणजे ज्या महिन्यांत शंका असते, नेमके तेच महिने चित्रात नसतात. चित्र कितीही स्पष्ट असले तरी ही उणीव भरून निघत नाही, आणि माझा कल बदलला तो याच एका कारणाने.

दुसरा मार्ग ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे कोणालाही संपादित करता येणाऱ्या खुल्या नकाशाचा. रस्त्याच्या रेघेवर पुलाची `bridge=yes` ही खूण आहे की पाण्यातून जाणाऱ्या वाटेची `ford=yes`, पाणी चढते असा `flood_prone=yes` हा इशारा आहे का, वाटेत फाटकाची `barrier=gate` आणि त्यासोबत खाजगी वाटेची `access=private` ही खूण आहे का, हे तपासता येते. कारखान्याच्या वसाहतीतून जाणाऱ्या वाटेवरचे कुलूप मला एकदा इथेच आधी कळले होते. तरीही एक सावधगिरी हवी. त्या रेघेचा संपादन-इतिहास उघडून ती कशावरून काढली ते पाहावे. जागेवर न जाता उपग्रहचित्रावरूनच आखलेली असेल, तर आपण दुसरा साक्षीदार म्हणून पहिल्यालाच पुन्हा विचारत असतो.

तिसरा मार्ग माणसांचा. पावसाळ्यात नदीची पातळी आणि पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची नावे जिल्हा प्रशासनाकडून रोज प्रसिद्ध होतात: शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. यादीत नाव आले की विषय संपतो. मात्र केवळ पातळीच्या बातमीवर विसंबू नये, कारण राजाराम बंधाऱ्यापाशी इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट धरतात, आणि बंधारा त्याच्या कितीतरी आधी बुडालेला असतो.

यादीतून नाव निघाले, म्हणजे वाट खुली झाली असेही नाही. पाणी उतरल्यावर माथ्यावर गाळाचा बोटभर थर आणि अडकलेले ओंडके राहतात, कठडा बहुधा नसतोच, आणि अरुंद टायर त्या गाळात सहज घसरतो. हे सांगणारा माणूस पलीकडच्या गावात असतो, म्हणून मी तिथल्या दूध संस्थेत किंवा ओळखीच्या दुकानात फोन करतो. प्रश्नही जपून विचारावा लागतो. ‘रस्ता चालू आहे का?’ असे विचारले, तर ‘होय, जातंय की’ हे उत्तर पायी जाणाऱ्याच्या हिशेबाने आलेले असू शकते. म्हणून मी विचारतो, ‘आज सकाळी दुधाची गाडी कुठनं गेली?’ गाडी बंधाऱ्यावरून गेली असेल, तर गाळ बाजूला झालेला असतो आणि अडथळेही काढलेले असतात. ‘पुलावरनं फिरून गेली’ असे ऐकले, की मीही पुलावरूनच जातो.

ओळख नसलेल्या मुलुखात हा मार्ग अवघड पडतो, हे मान्य करायला हवे. तिथे उन्हाळ्यात उपग्रहचित्र पुरेसे ठरावे. जून ते ऑक्टोबर या काळात मात्र, माझ्या अनुभवापुरते, पलीकडच्या काठावरचा एक फोन बाकी दोन्हींपेक्षा अधिक भरवशाचा वाटतो, आणि तो निघण्याच्या दिवशी सकाळीच केलेला बरा.