मुदत ५९ महिने, चक्रवाढ वार्षिक: चार लाखांच्या ठेवीतले ४४ हजार कुठे गेले

तालुक्याच्या गावातल्या एका निवृत्त शिक्षकांनी १२ जून २०१९ रोजी एका पतसंस्थेत चार लाख रुपये मुदत ठेवीत ठेवले. दर ९ टक्के. ठेवी गोळा करणाऱ्या प्रतिनिधीने सांगितले, "गुरुजी, दर तीन महिन्यांनी चक्रवाढ आहे. पाच वर्षांनी सव्वासहा लाखांच्या आसपास घेऊन जा." कागदाच्या चिठोऱ्यावर त्याने ६,२४,२०४ हा आकडाही लिहून दिला. पावती करताना मात्र मुदत ६० ऐवजी ५९ महिने टाकली. "दर तोच आहे, पैसे महिनाभर आधी हातात येतील," एवढेच कारण दिले.

१२ मे २०२४ रोजी हातात पडले ५,८०,१६०. म्हणजे ४४,०४४ रुपये कमी.

या प्रकरणात कोणी खोटी सही केली नाही की रक्कम खोडली नाही. सगळा खेळ व्याज मुद्दलात किती वेळा मिळवायचे या मोजणीचा आहे. तसल्या पावत्या आजही अनेकांच्या कपाटात असतील, म्हणून हिशेब पायरी पायरीने मांडतो.

चिठोऱ्यावरचा आकडा मुळात बरोबर होता. वर्षाला ९ टक्के म्हणजे तिमाहीला २.२५ टक्के. पाच वर्षांत तिमाह्या २०. चार लाखांना १.०२२५ ने वीस वेळा गुणले की ६,२४,२०४ येतात. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक फोनवर घाताचे बटण दिसते. संगणकावर हे एका ओळीत होते:

```
=400000*(1+0.09/4)^20
=400000*(1+0.09)^5
```

दुसरी ओळ वार्षिक चक्रवाढीची. तिचे उत्तर ६,१५,४५०. दर तोच, वर्षे तीच, फरक ८,७५४ रुपयांचा. तिमाही पद्धतीत पहिल्या तीन महिन्यांचे ९,००० रुपये व्याज चौथ्या महिन्यापासून स्वतः व्याज कमवू लागते. वार्षिक पद्धतीत ते वर्षभर नुसते पडून राहते. एका वर्षात हा फरक चार लाखांवर १,२३३ रुपयेच असतो, त्यामुळे कुणाच्या डोळ्यावर येत नाही. दहा वर्षांत तोच सुमारे २७,१३० होतो. मुदत लांब तितकी ही गोष्ट महागात पडते.

सूत्र भरताना दोन आकडे नेहमी जोडीने बदलायचे असतात. तिमाही असेल तर दराला ४ ने भागायचे आणि वर्षांना ४ ने गुणायचे. घाईत माणूस घात २० करतो आणि दर ९ तसाच ठेवतो. मग चार लाखांचे २२ लाखांहून जास्त झालेले दिसतात आणि ती चूक लगेच कळते. उलट दर भागला आणि घात ५ च ठेवला, तर उत्तर ४,४७,००० च्या आसपास येते. हा आकडा खराही वाटू शकतो, म्हणून इथे जास्त सांभाळा.

आता पावतीकडे येऊ. पुढच्या बाजूला 'द.सा.द.शे. ९ टक्के, चक्रवाढ' एवढेच छापले होते. चक्रवाढ तिमाही की वार्षिक, याचा पत्ता नाही. मुदतपूर्तीच्या रकमेच्या रकान्यात 'नियमानुसार' असा शिक्का होता. नियम मागच्या बाजूला बारीक अक्षरात होता: चक्रवाढ वार्षिक राहील, आणि अपूर्ण वर्षाच्या काळासाठी बचत खात्याच्या दराने, म्हणजे ३ टक्क्यांनी, व्याज मिळेल.

५९ या आकड्याचा अर्थ इथे उघड होतो. ठेवीची वर्षे १२ जून ते १२ जून अशी मोजली जातात. १२ जून २०२३ पर्यंत चार वर्षे पूर्ण झाली. त्यानंतर १२ मे २०२४ पर्यंत अकरा महिने उरले. पाचवे वर्ष एका महिन्याने अपुरे राहिले आणि नियमाप्रमाणे ते सगळेच्या सगळे ३ टक्क्यांच्या दरावर घसरले. चार वर्षांनी रक्कम ५,६४,६३३ झाली होती. तिच्यावर अकरा महिन्यांचे ९ टक्क्यांनी ४६,५८२ रुपये यायला हवे होते, आले १५,५२७.

हेच ५९ महिने तिमाहीने मोजून पाहा. ५९ ला ३ ने भागले की १९ पूर्ण तिमाह्या आणि बाकी २ महिने. एकोणिसावी तिमाही १२ मार्च २०२४ ला संपते. उरलेल्या दोन महिन्यांवर त्याच दराने सरळव्याज, म्हणजे दीड टक्का. उत्तर ६,१९,६२५. बँकांमध्ये सर्वसाधारण रीत हीच आहे: पूर्ण तिमाह्यांवर चक्रवाढ आणि शेवटच्या अपुऱ्या तुकड्यावर ठरलेल्याच दराने दिवसांच्या प्रमाणात व्याज. तुकडा अपुरा आहे म्हणून दर खाली आणण्याचे काही कारण नसते. खाली आणला असेल, तर तिथेच थांबून विचारायला हवे.

४४,०४४ चा हिशेब आता जुळतो. एक महिना कमी झाल्याने ४,५७९ गेले, आणि हा भाग रास्त आहे, कारण पैसेही महिनाभर आधी मिळाले. तिमाहीऐवजी वार्षिक चक्रवाढ धरल्याने ८,४१० गेले. अपुऱ्या वर्षाला बचतीचा दर लावल्याने ३१,०५५ गेले. सर्वांत मोठा घाव तिसरा आहे, आणि तो ५९ महिन्यांच्या मुदतीशिवाय बसलाच नसता. त्याच वार्षिक पद्धतीने ठेव पूर्ण ६० महिने राहिली असती तर ६,१५,४५० मिळाले असते. एका महिन्याची किंमत ३५,२९० रुपये पडली.

म्हणून ११, २३, ३५, ४७ किंवा ५९ महिन्यांची मुदत दिसली की आधी चक्रवाढीचा कालखंड विचारा. मुदत विचित्र असणे हा स्वतःमध्ये दोष नव्हे. बँका ४४४ दिवसांच्या ठेवीही काढतात आणि त्यांचा हिशेब सरळ असतो: १० जानेवारी २०२५ ला ठेवलेली अशी ठेव ३० मार्च २०२६ ला संपते, तिच्यात चार पूर्ण तिमाह्या आणि ७९ दिवस येतात. प्रश्न फक्त त्या ७९ दिवसांना कोणता दर लागतो, एवढाच असतो.

याच संस्थेच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात आणखी एक आकडा होता: ११.२१ टक्के. त्याच्या भुरळीनेच ठेव तिथे गेली. तो आकडा असा काढतात: तिमाही चक्रवाढीने पाच वर्षांत शंभराचे १५६.०५ होतात. वाढ ५६.०५. तिला पाचाने भागा, ११.२१. हा व्याजाचा दर नाही. पाच वर्षांच्या चक्रवाढीची गोळाबेरीज वर्षांत सपाट वाटून टाकलेली आहे. ९ टक्के तिमाही चक्रवाढीचा खरा वार्षिक परतावा ९.३१ टक्के होतो. शेजारच्या बँकेचा फलक ७ टक्के म्हणत होता. त्या ७ टक्क्यांनाही अशाच रीतीने ताणले तर ८.३० होतात. ११.२१ ची तुलना ७ शी केली की अंतर चार टक्क्यांहून अधिक वाटते, प्रत्यक्षात दर दोनच टक्क्यांनी जास्त होता. त्यातही पत्रकावरचा आकडा तिमाहीने काढलेला आणि पावती वार्षिक. आमच्या मते सगळ्या प्रकरणात सर्वांत निलाजरी गोष्ट हीच.

दोन ठेवींची तुलना करायची तर दोन्हींचा वर्षाअखेरचा परतावा काढावा किंवा एक लाखाचे मुदतीअखेर किती होतात ते पाहावे. राष्ट्रीय बचत पत्राचे उदाहरण घ्या. एप्रिल २०२३ मध्ये त्याचा दर ७.७ टक्के झाला. त्यात चक्रवाढ वार्षिक असते, आणि पाच वर्षांत एक लाखाचे १,४४,९०३ होतात. बँकेत ७.५ टक्के तिमाही चक्रवाढीने त्याच एक लाखाचे १,४४,९९५ होतात. दर कमी असूनही रक्कम थोडी जास्तच. पोस्टाची योजना वार्षिक चक्रवाढ उघडपणे सांगते, त्यामुळे तिथे फसवणूक नाही. वार्षिक चक्रवाढ असणे वाईट नसते, ती तिमाही म्हणून विकणे वाईट.

रक्कम कमी आली की शाखेतून पहिले उत्तर बहुधा "टॅक्स कापला" हे मिळते. ते तपासणे सोपे आहे. कर खरोखर कापून भरला असेल तर तो तुमच्या पॅनवर, फॉर्म २६एएसमध्ये दिसतो. गुरुजींच्या बाबतीत तिथे काहीच नव्हते. मग व्याजाचा तपशीलवार उतारा लेखी अर्ज देऊन मागितला. त्यात व्याज जमा झाल्याच्या नोंदी दरवर्षी एक, अशा चारच होत्या आणि शेवटी एक छोटी. तिमाही ठेव असती तर एकोणीस नोंदी आणि शेवटचा तुकडा दिसला असता. उतारा हातात आला की वाद तिथेच मिटतो, कारण नोंदी मोजायला गणितही लागत नाही. आणि ही मोजणी मुदत संपेपर्यंत थांबवू नका. ठेव ठेवल्यापासून चौथ्या महिन्यात उतारा मागा. पहिल्या तिमाहीचे व्याज जमा दिसले नाही, तर पावणेपाच वर्षे हातात असताना बोलता येते.

तक्रारीचा मार्ग संस्थेवर अवलंबून आहे. महाराष्ट्रात नोंदलेल्या पतसंस्थेसाठी तालुक्याचे सहायक निबंधक किंवा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे लेखी तक्रार करावी लागते. बँक असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ग्राहक आयोगात जायचे तर तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. बँक ठेवीला असलेले पाच लाखांपर्यंतचे विमा संरक्षण पतसंस्थेच्या ठेवीला नसते, हेही दर पाहतानाच धरून चालावे.

गुरुजींची तक्रार पुढे सरकली नाही, कारण पावतीच्या मागच्या नियमाखाली त्यांची सही होती आणि चिठोऱ्यावर कुणाचीच नव्हती. शिक्का आणि शाखाधिकाऱ्याची सही असलेला ६,२४,२०४ हा आकडा, त्याच्याशेजारी 'तिमाही' हा शब्द आणि पूर्तीची तारीख, एवढे पावतीच्या पुढच्या बाजूला असते तर वीस तिमाह्यांचे व्याज संस्थेला द्यावेच लागले असते. तो रकाना कोरा किंवा 'नियमानुसार' असेल, तर पैसे भरण्याआधी तो भरून मागा. भरून देत नसतील, तर धनादेश परत खिशात घालून निघा.