क्रिएटिनचे चार प्रकार वापरल्यानंतर: मोनोहायड्रेट, एचसीएल, बफर्ड आणि इथाइल एस्टर

पावसाळ्यापासून आत्ताच्या उन्हाळ्यापर्यंत, स्नायूंच्या ताकदीसाठी घेतात त्या क्रिएटिनचे चारही प्रकार आळीपाळीने वापरून झाले. माझ्याकडे आता फक्त साधं, चव नसलेलं मोनोहायड्रेट आहे. संभाजीनगर असो की लातूर, सप्लिमेंटच्या दुकानात ‘सर, एचसीएल घ्या, डोस कमी लागतो’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. म्हणून आधी तेच तपासू.

मोनोहायड्रेटच्या वजनात साधारण 88 टक्के क्रिएटिन असतं, बाकी पाणी. हायड्रोक्लोराइडमध्ये, म्हणजेच एचसीएलमध्ये, ते 78 टक्क्यांच्या आसपास असतं, कारण उरलेली जागा आम्लाची. म्हणजे 750 मिलिग्रॅमच्या एका एचसीएल कॅप्सूलमधून जेमतेम 590 मिलिग्रॅम क्रिएटिन मिळतं. मध्यम वजनाच्या माणसाच्या शरीरातून रोज सुमारे 2 ग्रॅम क्रिएटिन, क्रिएटिनिन नावाचा टाकाऊ पदार्थ होऊन लघवीवाटे जातं. शरीर स्वतः काही बनवतं, काही मटण-माशांतून येतं. माळकरी घरातल्या पोराला ते जवळजवळ मिळतच नाही, त्याच्या स्नायूत साठा मुळात कमी असतो आणि म्हणून फरकही त्यालाच जास्त जाणवतो. अशा गड्याला एका कॅप्सूलवर ठेवलं तर साठा भरणार कसा?

आता हिशोब करा. 3 ग्रॅम मोनोहायड्रेटमधून सुमारे 2.6 ग्रॅम क्रिएटिन मिळतं. तेवढंच एचसीएलमधून घ्यायचं तर 3.4 ग्रॅम, म्हणजे रोज साडेचार कॅप्सूल. 60 कॅप्सूलची बाटली 13 दिवसांत रिकामी. मोनोहायड्रेटचा 250 ग्रॅमचा डबा याच मापाने 83 दिवस पुरतो. दोन्हींची किंमत दिवसांनी भागून बघा, मग दुकानदाराशी बोला.

एचसीएल पाण्यात जास्त विरघळतं, हा दावा मात्र खरा आहे. मोनोहायड्रेट 20 अंशांच्या एक लिटर पाण्यात 14 ग्रॅमच्या आसपास विरघळतं, फ्रिजच्या पाण्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून गार पाण्याच्या ग्लासात 5 ग्रॅम टाकलं की तळाला रवाळ थर बसतो, आणि लोक म्हणतात माल भेसळीचा आहे. तसं नसतं. तो थर पाणी घालून, खळबळून पिऊन टाकायचा. आतड्यात मोनोहायड्रेट जवळजवळ पूर्ण शोषलं जातं, त्यामुळे जास्त विरघळण्याने स्नायूत जास्त पोहोचत नाही. पोट बिघडतं ते बहुतेक एकदम 10 ग्रॅम घेतल्यावर. लोडिंग, म्हणजे सुरुवातीचे काही दिवस मोठा डोस घेऊन स्नायू लवकर भरणं, करायचंच असेल तर दिवसातून 5 ग्रॅम चार वेळा, तेही जेवणासोबत. नाहीतर रोज 3 ग्रॅम घेत राहा, महिन्याभरात स्नायू तेवढेच भरतात.

एचसीएलच्या ‘पाणी धरत नाही’ या जाहिरातीतली मेख आता लक्षात येईल. पाणी क्रिएटिनसोबत स्नायूच्या पेशीत जातं, आणि लोडिंगच्या पहिल्या आठवड्यात किलो-दीड किलो वजन वाढू शकतं. एका कॅप्सूलवर वजन हललं नाही, याचं सरळ कारण स्नायूत फारसं काही गेलंच नाही. वजनगटात खेळणाऱ्या पैलवानाने लोडिंग वजन द्यायच्या आठवड्यात करू नये, एवढीच काळजी पुरे.

बफर्डबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जठरातल्या आम्लात क्रिएटिन नासतं, म्हणून त्यात अल्कली घातलंय, असा युक्तिवाद. पण पचनाच्या काही तासांत नासणारा भाग नगण्य असतो. 2012 साली 36 सरावलेल्या व्यायामपटूंवर 28 दिवसांचा अभ्यास झाला. कंपनीने सांगितलेला दीड ग्रॅमचा डोस आणि मोनोहायड्रेटइतका मोठा डोस, दोन्ही तपासले. स्नायूतलं क्रिएटिन किंवा ताकद, कशातही बफर्ड सरस ठरलं नाही. आम्लाची भीती खरी ठरते ती बाटलीत: सकाळी लिंबू सरबतात कालवून, 42 अंशांच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवून संध्याकाळी पिऊ नका. कोरड्या पावडरीला उन्हाचा त्रास नाही. ओल लागून गाठी झाल्या तर फोडून वापरा.

इथाइल एस्टर मात्र घेऊच नका. पेशीत सहज शिरतं असं सांगतात, प्रत्यक्षात ते शरीरात झपाट्याने क्रिएटिनिन होतं. 2009 साली झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात एस्टर घेणाऱ्यांच्या रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं, आणि मोनोहायड्रेटपेक्षा जास्त फायदा काहीच दिसला नाही. म्हणजे पैसे देऊन टाकाऊ माल घ्यायचा.

क्रिएटिनिनचा आकडा मोनोहायड्रेटनेही थोडा वर जाऊ शकतो, आणि लॅब त्यावरूनच किडनीचा अंदाज काढते. तपासणीआधी क्रिएटिन चालू असल्याचं डॉक्टरांना सांगा. शंका राहिलीच तर सिस्टॅटिन सी ही चाचणी करता येते, तिच्यावर क्रिएटिनचा असा परिणाम होत नाही. किडनीचा आजार आधीच असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातला कुठलाच प्रकार सुरू करू नका.