ओतकाम आणि उष्णतोपचार दोन्ही पाहायचे असतील, तर विनंतिपत्र बिडाच्या फाउंड्रीला लिहावे की पोलादाच्या?

द्वितीय वर्षाचा विद्यार्थी उन्हाळी प्रशिक्षणासाठी फाउंड्री व्यवस्थापकाला पत्र लिहितो, तेव्हा "मला ओतकाम आणि उष्णतोपचार या दोन्ही प्रक्रिया पाहायच्या आहेत" असे वाक्य त्यात हमखास असते. पत्र ज्या फाउंड्रीला जाणार, तिथे उष्णतोपचार मुळात होतो का, याची चौकशी मात्र क्वचितच केलेली असते. माझ्या मते पत्राचे यश याच चौकशीवर ठरते.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या औद्योगिक वसाहतींत प्रामुख्याने बीड आणि एस. जी. आयर्न ओतले जाते. ओतकाम शिकायला ही जागा उत्तम आहे, कारण एकाच पाळीत अनेक हीट निघतात आणि तीच कृती पुन्हा पुन्हा पाहता येते. ओतण्याआधी पाचरीच्या आकाराचा छोटा नमुना ओतून तो मोडतात आणि टोकाशी पांढरा पट्टा किती रुंद आहे, हे पाहतात. पट्टा प्रमाणाबाहेर रुंद असेल, तर कास्टिंगच्या पातळ कडा पांढऱ्या व कठीण होऊन यंत्रणाच्या वेळी हत्यार मोडण्याची भीती असते. म्हणून फेरोसिलिकॉनचे इनॉक्युलेशन वाढवतात. एस. जी. आयर्नमध्ये मॅग्नेशियमचा परिणाम साधारण दहा मिनिटांत ओसरू लागतो, त्यामुळे लॅडल भरल्यापासून सगळ्यांचे लक्ष घड्याळाकडे असते.

उष्णतोपचाराच्या बाबतीत मात्र येथे निराशा होण्याचा संभव आहे. बिडाचे गुणधर्म रासायनिक घटक आणि साच्यातील थंड होण्याचा वेग यांवरच बहुतांशी ठरत असल्यामुळे बरेचसे तुकडे वाळू झाडून, ग्राइंडिंग करून तसेच पाठवले जातात. यंत्राच्या बेडसारख्या कामाला ताणमुक्ती देतात, पण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला तापवून भट्टीतच सावकाश थंड करण्याच्या या कृतीत तापमानाच्या आलेखाखेरीज पाहण्यासारखे फारसे नसते. शिवाय हे काम पुष्कळदा बाहेरच्या जॉबवर्क भट्टीत होते. तिथली परवानगी फाउंड्रीचा व्यवस्थापक देऊ शकत नाही.

पोलादाच्या फाउंड्रीत चित्र उलटे असते. हीट कमी, धातू सुमारे १,६०० अंशांच्या आसपास ओतला जाणारा, रायझर मोठे आणि त्यामुळे पाहण्याच्या संधीही मोजक्या. पण तिथे उष्णतोपचाराशिवाय कास्टिंग सहसा बाहेर पडत नाही. दगड फोडण्याच्या क्रशरची ७५ मिलिमीटर जाडीची जबडापट्टी घेऊ. तिचे मँगनीज पोलाद ओतलेल्या स्थितीत ठिसूळ असते, कारण कणसीमांवर कार्बाइड साचलेले असते. ते विरघळवण्यासाठी पट्टी सुमारे १,०५० अंशांपर्यंत न्यावी लागते. उष्णता आत सावकाश शिरत असल्यामुळे घाई केली तर तडा जातो. ताशी १०० अंशांच्या आतबाहेर वेग धरला, तर तापायलाच दहा-अकरा तास लागतात. दर २५ मिलिमीटरला एक तास या हिशेबाने पुढे तीन तास त्या तापमानात ठेवतात आणि दार उघडताच पट्टी पाण्यात बुडवतात. दार आणि टाकी यांच्यामध्ये उशीर झाला, तर कार्बाइड पुन्हा बाहेर पडते. हा दोष डोळ्यांना दिसत नाही आणि चुंबकानेही कळत नाही; नमुना घासून, कोरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.

या हिशेबाचा पत्राशी थेट संबंध आहे. संध्याकाळी सहाला भट्टी पेटली, तर क्वेंच दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास होतो. भट्टी दुपारी पेटली, तर पहाटे. "सकाळी दहा ते पाच येईन" असे लिहिणाऱ्याला सर्वांत महत्त्वाची ती काही सेकंदे कधीच दिसणार नाहीत. म्हणून पोलादाच्या फाउंड्रीसाठी पत्राचा गाभा असा असावा:

"आपल्याकडील मँगनीज पोलादाच्या एका कास्टिंगचे काम साचा बंद करण्यापासून क्वेंचपर्यंत पाहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. भट्टी भरण्याची व उघडण्याची वेळ कळवल्यास मी त्या पाळीत, रात्रीची असली तरी, उपस्थित राहीन. मी कोणत्याही यंत्रास हात लावणार नाही व परवानगीविना छायाचित्र घेणार नाही. प्राचार्यांचे शिफारसपत्र आणि विम्याची प्रत सोबत जोडली आहे."

बिडाच्या फाउंड्रीला लिहिताना हाच मजकूर चालणार नाही. तिथे वाळूची चाचणी, पाचरीचा नमुना आणि ओतकाम यांचीच परवानगी मागावी, आणि "आपले कास्टिंग ताणमुक्तीसाठी जिथे जाते, त्यांना स्वतंत्र पत्र लिहिता यावे म्हणून आपली ओळख मिळावी" एवढे एक वाक्य जोडावे.

दोन्ही प्रक्रिया एकाच तुकड्यावर पाहायच्या असतील, तर मी पोलादाची फाउंड्री निवडण्याचा सल्ला देईन, मात्र निदान तीन आठवडे हाताशी असतील तरच. कारण ओतलेला तुकडा थंड होऊन, साफ होऊन, भट्टीचा भार पुरा होईपर्यंत कित्येक दिवस जातात. एकच आठवडा असेल, तर बिडाच्या फाउंड्रीला लिहावे आणि विषयात फक्त ओतकाम ठेवावे.