फ्रेमसाठी कविता लिहून घेण्याची सेवा : सात महिन्यांनंतर

म्हापशात माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे. फ्रेममध्ये चार ओळी हव्या असल्या की कविता लिहून देणाऱ्या काही मंडळींकडून मी त्या दीडशे रुपयांना लिहून घ्यायचो. कागद, अक्षर, वेळ याबद्दल तक्रार नाही. बिघडवलं ते त्यांच्या अर्जाने.

कविता मागितली की आधी नऊ प्रश्न. विषय, भाव, छंद, कोणासाठी... सुरुवातीला मला ते चोख काम वाटलं. पण गणपतीच्या चवथीआधी एक ताई आल्या. "दादा, नव्या घराच्या भिंतीला एक कविता द्या, कसलीही चालेल." मी अर्ज पुढे केला. विषयाच्या रकान्यापाशी त्या अडकल्या, "विचार करून सांगते" म्हणून गेल्या, त्या दोन आठवडे फिरकल्याच नाहीत. विषय त्यांच्याकडे नव्हताच, म्हणून तर त्यांनी सांगितला नव्हता!

मग ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांना विचारलं. त्यांनी एकही प्रश्न न विचारता संध्याकाळपर्यंत अभंगाच्या छंदात, सहा-सहा-सहा-चार अक्षरांत, चवथीला गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात त्या माटोळीवर लिहून पाठवलं :

माटोळी सोडली
घोस उतरले
खुंट्यांना राहिले
दोर फक्त

खाली एकच ओळ : "चवथ संपल्यावरच्या घरावर लिहिलंय, दुसरं काही हवं असेल तर कळवा."

ताईंना फोन करून वाचून दाखवलं. त्या लगेच म्हणाल्या, "माटोळी हवी, पण रिकामी नको, भरलेली." कोऱ्या रकान्याने जे दोन आठवड्यांत निघालं नाही, ते चुकलेल्या चार ओळींनी एका मिनिटात निघालं. मास्तरांनी बदलून दिलं :

माटोळी बांधली
दारात उजेड
आंबाड्याची जोड
नारळाला

चंद्र-फुलं-पाखरं असं कुणालाही चालेल तसं काही त्यांनी लिहिलं असतं, तर ताई "बरं आहे" म्हणून गप्प बसल्या असत्या. मसुद्यात काहीतरी ठाम निवडलेलं असावं लागतं, तेव्हाच समोरचा हो किंवा नाही म्हणतो.

तेव्हापासून मी अर्ज बंदच केला होता. डिसेंबरात त्यात बदल करावा लागला. लग्नाच्या पंचवीस वर्षांची कविता गिऱ्हाइकाला काहीच न विचारता मास्तरांना लिहायला सांगितली. त्यांनी "दोघांच्या आईबाबांचे आशीर्वाद" लिहिलं. नवऱ्याची आई त्याच वर्षी गेली होती. ते वाचताना त्या माणसाचा चेहरा पाहवला नाही. मी माफी मागितली, पैसे घेतले नाहीत.

आता नाव, नातं, कोण हयात आहे, हे मी आधी विचारतो, कारण ते मास्तरांना सुचण्यासारखं नाही. लग्नातलं लांबलचक भाषण असेल तर प्रसंग आणि वेळही विचारतो, तिथे चुकलं तर दोन दिवसांची मेहनत वाया. फ्रेमच्या चार ओळींना मात्र कोरा अर्ज देत नाही. मास्तर मसुद्याचे ऐंशी रुपये घेतात, आवडला तर वर सत्तर. हिशेब तोच दीडशेचा, आणि ताईंसारखं गिऱ्हाईक दारातून परत जात नाही.