ब्लेंडरचा ग्राफ एडिटर, आठ महिन्यांनंतर: कर्व्ह खाली का बुडतो आणि मी आता काय करतो

आठ महिने झाले रोज ब्लेंडर या 3D सॉफ्टवेअरच्या ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे जिथं हालचाल कर्व्हच्या रूपात दिसते तिथं, डोकं घालून बसतोय, म्हटलं आता लिहायला हरकत नाही. सुरुवातीलाच सांगतो, एडिटर चांगला आहे, पण पहिले दोन महिने मी त्याला उगाच शिव्या घातल्या.

झालं असं की एका आजींच्या कॅरेक्टरचा वॉक करत होतो, सेकंदाला 24 फ्रेमने. पाय जिकडे न्यायचा तिकडे नेणाऱ्या आयके बोनच्या उंचीच्या की, म्हणजे ठरावीक फ्रेमला पक्क्या केलेल्या व्हॅल्यू, साध्या होत्या: फ्रेम 9 ला 0.2, 17 ला 0, 25 ला परत 0 आणि 33 ला 0.2. म्हणजे 17 ते 25 पाय जमिनीवर गप्प टेकलेला पाहिजे, दोन्ही कीची व्हॅल्यू शून्यच आहे ना. पण प्ले केलं की टाच फरशीत घुसायची! फ्रेम 21 ला बघितलं तर चांगला दोन बोटं खाली. मी आपला रिग, म्हणजे कॅरेक्टरचा हाडांचा सांगाडा, तपासतोय, फ्लोअर वर-खाली करतोय, आणि चूक होती हँडलमध्ये, म्हणजे कीच्या दोन्ही बाजूंना असलेल्या, कर्व्हचं वळण ठरवणाऱ्या दांड्यांमध्ये.

कुठल्यातरी व्हिडिओत बघून मी प्रेफरन्सेसमध्ये नवीन कीचं हँडल ऑटोमॅटिक करून ठेवलं होतं, मूव्हमेंट स्मूथ येते म्हणून. ऑटोमॅटिक काय करतं, तर आजूबाजूच्या दोन्ही की बघून मधून तिरकं हँडल काढतं. 17 च्या आधी 0.2 आहे म्हणून तिथं हँडल उताराचं, 25 च्या नंतर 0.2 आहे म्हणून तिथं चढाचं. मग मधल्या आठ फ्रेममध्ये कर्व्हची झोळी होणारच, त्याला दुसरा रस्ताच नाही. हाच तो ओव्हरशूट. माझी चूक अशी की तो दिसला की मध्ये 21 ला अजून एक की टाकायचो, मग बाजूला नवीन छोटी झोळी, मग अजून एक की... शेवटी कर्व्हला इतक्या की झाल्या की टायमिंग बदलायचं म्हटलं तरी नको वाटायचं.

खरा इलाज साधा आहे. दोन्ही की सिलेक्ट करा, `V` दाबा, ऑटो क्लॅम्प्ड करा. हा प्रकार शेजारच्या कीच्या व्हॅल्यूच्या पलीकडे कर्व्हला जाऊ देत नाही, त्यामुळे 17 ते 25 एकदम सपाट. किंवा 17 ची की सिलेक्ट करून `T` दाबून लिनिअर केलं तरी चालतं, इंटरपोलेशन त्या कीच्या पुढच्या तुकड्याला लागतं, मागच्याला नाही, हे मला फार उशिरा कळलं.

पण इथंच खरी गंमत सुरू होते. ऑटो क्लॅम्प्डने पाय फरशीत जायचा थांबला, पण आता आजी कापसावर चालल्यासारख्या वाटायला लागल्या, कारण 17 ला येतानाही कर्व्ह हळूहळू सपाट होतो, म्हणजे पाय टेकण्याआधी ब्रेक लावतो. खरा पाय धप्पकन पडतो. तर डावं हँडल तिरकं हवं आणि उजवं सपाट. मी डावं हँडल ओढलं, तर उजवं पण फिरलं आणि झोळी परत हजर. का, तर ऑटोवाल्या हँडलला हात लावला की ब्लेंडर न विचारता त्याला अलाइन्ड करतं, दोन्ही बाजू एका रेषेत बांधलेल्या. आपल्याला दिसतो फक्त रंग बदललेला. आता मी आधी `V` मधून फ्री करतो, मग `Shift+S` मधलं Flatten Handles, आणि मग फक्त डावं हँडल वर उचलतो. उड्या मारणाऱ्या बॉललाही अगदी हेच, जमिनीवरची की टोकदार पाहिजे.

एक तक्रार आहेच. हात लावलेलं हँडल परत आपोआप ऑटो होत नाही, त्यामुळे नंतर की दोन फ्रेम पुढे सरकवली की ते जुन्याच कोनात राहतं आणि ओव्हरशूट गुपचूप परत येतो. म्हणून मी हँडलची कामं अगदी शेवटी, टायमिंग पक्कं झाल्यावरच करतो.

आणि ओव्हरशूट दिसतच नसेल तर? माझा चालण्याचा कर्व्ह तीन मीटरचा, त्याच्या शेजारी तीन सेंटीमीटरची झोळी कशी दिसणार. नॉर्मलाइज ऑन करा, किंवा साइडबारमधून कर्सरची Y व्हॅल्यू 0 करा, आडवी रेष येते, तिच्या खाली गेलेलं लगेच पकडता येतं.

सगळीकडे क्लॅम्प्ड लावू नका एवढं मात्र खरं. हात वर जाताना मधल्या एका कीची व्हॅल्यू चुकून पुढच्या कीपेक्षा केसभर जास्त झाली तर क्लॅम्प्ड तिला शिखर समजून सपाट करतं आणि हात मध्येच अडखळतो. परवाच अर्धा तास त्यात गेला, फरक होता 0.004 चा.