प्रवेशद्वारावरील काचेची छत्री : आठ महिन्यांच्या वापरानंतर

रंकाळ्याजवळच्या आमच्या सहा घरांच्या इमारतीने गेल्या मे महिन्यात प्रवेशद्वारावर काचेची छत्री बसवली. भिंतीपासून १२०० मिलिमीटर पुढे आलेली ही लॅमिनेटेड काच स्टीलच्या तीन सडपातळ ब्रॅकेटांवर टेकलेली आहे. दिसायला ती सुरेख आहे आणि काच व स्टील यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती ओघळांची.

जुलैच्या संततधारेत ब्रॅकेटांखालच्या भिंतीवर पांढरे ओघळ उमटले. कारागिराने काच धुण्याचा सल्ला दिला आणि त्यासाठी वेगळे पैसे मागितले, तेव्हा मात्र मला राग आला. काचेवरच्या धुळीचे ओघळ तांबूस असतात, हे पांढरे होते. त्यांवर व्हिनेगर टाकताच फेस आला. म्हणजे तो चुना होता. पाणी गिलाव्यात शिरून सिमेंटमधला चुना बाहेर आणत होते.

पाणी तिथे थांबलेच का, हे पाहण्यासाठी पातळी मोजायची गवंड्याकडची पाण्याची नळी लावली. काचेची बाहेरची कड भिंतीकडच्या कडेपेक्षा ६ मिलिमीटर वर निघाली, त्यामुळे सगळे पाणी भिंतीकडे साचत होते. काचेवर भिंतीलगत वाळलेल्या मातीच्या अर्धगोल कडा होत्या; त्यांचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. काच आणि भिंत यांच्यामधले सिलिकॉनही बोटाने रिबिनीसारखे निघून आले. भरताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे हे सिलिकॉन सिमेंटवर नीट चिकटत नाही. तिथे न्यूट्रल प्रकारचेच लागते.

तोवर मी सडपातळ ब्रॅकेटांना दोष देत होतो, ते मत मागे घेतो. ते वाकले नव्हते, बसवतानाच चुकले होते. सप्टेंबरमध्ये काच उतरवून, १५० मिलिमीटर उंचीच्या प्रत्येक ब्रॅकेटच्या पाठीमागे वर ५ मिलिमीटर आणि खाली शून्य अशी निमुळती स्टीलची पट्टी घातली. एवढ्यानेच बाहेरची कड ४० मिलिमीटर खाली आली आणि आता तिचा उतार ३४ मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे. काचेच्या वर भिंतीत खाच मारून ॲल्युमिनियमची पट्टी बसवली आणि सांधा न्यूट्रल सिलिकॉनने भरला. या कामाचे पैसे मी दिले नाहीत. चूक ज्याची, खर्च त्याचा, हे कारागिराला मोजमाप दाखवून पटवले.

परतीच्या पावसात भिंत कोरडी राहिली. काचेवर आता भिंतीकडून बाहेरच्या कडेपर्यंत सरळ, बारीक तांबूस रेषा दिसतात. त्या मी महिन्याने पुसतो, पण त्यांचा त्रास वाटत नाही, कारण त्या पाणी योग्य दिशेने वाहिल्याची खूण आहेत. मात्र भिंतीकडची काचेची कड चार महिने ओलाव्यात राहिली होती. तिथे लॅमिनेटेड काचेतल्या दोन काचांना जोडणारा थर दुधाळ होतो का, हे मी दर आठवड्याला तपासतो. अजून तो स्वच्छ आहे.