जिमच्या कपड्यांचा वास: सॅनिटायझर की ऑक्सिजन ब्लीच?

धुतलेला, दोरीवर कडक वाळलेला, घडी घालताना छान वास देणारा टी-शर्ट सकाळी अंगात घालावा आणि वॉर्म-अप संपायच्या आत काखेतून तोच जुना आंबूस, चिरलेल्या कांद्यासारखा भपका यावा, हे ज्यांच्या बाबतीत होतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. सुती बनियन घालून व्यायाम करणाऱ्यांना हा त्रास सहसा होत नाही. पॉलिएस्टरवाल्यांना होतो. माझ्याकडे पाच पॉलिएस्टरचे टी-शर्ट, दोन ताणल्या जाणाऱ्या शॉर्ट्स, ठाण्यातला फ्लॅट आणि जुनं टॉप लोड मशीन आहे. दोन्ही उपाय मी काही काही महिने नेमाने करून पाहिलेत. प्रयोगशाळा म्हणजे माझं नाक, आणि तक्रार करायला बायको. तेवढ्यावरच विश्वास ठेवा.

आधी हा वास जात का नाही ते थोडक्यात. पॉलिएस्टर पाणी पीत नाही, पण तेल धरून ठेवतं. घामातलं पाणी उडून जातं आणि अंगाचा तेलकटपणा धाग्यात मुरतो. त्यावर जिवाणू पोसले जातात आणि वासाची आम्लं तयार करतात. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली २६ जणांना सायकलिंगच्या व्यायामानंतर त्यांच्या टी-शर्टांसकट तपासलं होतं. पॉलिएस्टरचे कपडे सुतीपेक्षा जास्त घाण वासाचे निघाले आणि मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू पॉलिएस्टरवर जास्त फोफावलेले दिसले. आपल्या नाकाला हे आधीच ठाऊक होतं म्हणा. मुद्दा असा की गार पाण्यात, अर्धं झाकण लिक्विड टाकून केलेल्या धुण्याने हे तेल पुरतं निघत नाही. कपडा कोरडा असतो तोवर वास गप्प बसतो. अंगाची ऊब आणि ओल मिळाली की पुन्हा जागा होतो.

पहिला उमेदवार लाँड्री सॅनिटायझर. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांवर बेंझाल्कोनियम क्लोराइड असं लिहिलेलं दिसेल. (जखमेवर लावायचं अँटिसेप्टिक बादलीत ओतायची सवय बऱ्याच घरांत आहे, ती वेगळी गोष्ट, तिचा विचार इथे करत नाही.) सॅनिटायझरची मोठी सोय म्हणजे गार पाण्यात चालतं. रंग जायची भीती कमी, पाणी तापवायची कटकट नाही, आणि जिवाणू मारायचं काम ते खरोखर करतं. पहिले दोन-तीन आठवडे मी खूश होतो.

पण एक अट आहे आणि तिथेच माझं बिनसलं. हे द्रव्य साबणाबरोबर चालत नाही. आपल्या डिटर्जंटमधला मुख्य फेस करणारा भाग ऋण भाराचा असतो, हे धन भाराचं. दोघं एकत्र आले की एकमेकांना धरून बसतात, ना धड धुणं होतं ना जिवाणू मरतात. म्हणून ते शेवटच्या विसळणीच्या स्वच्छ पाण्यातच घालायचं आणि बाटलीवर लिहिलेला वेळ, बहुधा पंधरा-एक मिनिटं, कपडे त्यात राहू द्यायचे. फ्रंट लोडवाल्यांना हे सोपं आहे, सॉफ्टनरच्या कप्प्यात ओतलं की झालं. माझ्या मशीनला तसा कप्पा नाही. मग रात्री साडेदहाला स्वयंपाकघरात उभं राहून कान लावायचा: आता पाणी सोडतंय, आता पहिली विसळणी भरतेय, आता दुसरी. भरलं की पॉज दाबायचं, मोजून ओतायचं, पुन्हा थांबायचं. तीनदा मला डुलकी लागली आणि उठलो तेव्हा कपडे पिळून तयार. एकदा शहाणपणा करून साबणाबरोबरच ओतलं. पाण्यावर पांढरट साय धरली आणि टी-शर्ट दुसऱ्या दिवशी तसाच.

आणि एवढा पहारा देऊनही साधारण महिन्याभरात भपका परतला, या वेळी फुलांच्या सुगंधासकट. माझा अंदाज असा की सॅनिटायझर जिवाणू मारतं, पण त्यांचं अन्न, म्हणजे धाग्यातलं तेल, आणि आधीच तयार झालेली वासाची आम्लं काढणं हे त्याचं काम नाही. पुढच्या व्यायामाला अंगावरून नवे जिवाणू येतात आणि पंगत तयारच असते.

दुसरा उमेदवार ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. डाग काढायच्या पावडरींच्या पाकिटामागे हे नाव शोधा. नुसती पावडर सुटीही मिळते. पाण्यात पडली की तिचे दोन भाग होतात: हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा. पेरॉक्साइड जिवाणूंवर आणि वासाच्या पदार्थांवर काम करतं. सोडा तेल सोडवतो, आणि घामाच्या आम्लांचे क्षार करतो. क्षार हवेत उडत नाहीत, त्यामुळे नाकापर्यंत पोचत नाहीत, आणि पाण्यात विरघळून निघून जातात. याच कारणाने लोक सांगतात तो व्हिनेगरचा उपाय मला उलट्या दिशेचा वाटतो. आम्लाच्या वासावर आणखी आम्ल ओतून काय साधणार? जड पाण्याचा थर कपड्यावर बसला असेल तर व्हिनेगर उपयोगी पडेल, पण तो वेगळा आजार. आणि व्हिनेगर असो की क्लोरीनचं ब्लीच, परकार्बोनेटच्या बादलीत काहीही मिसळू नका.

माझी पद्धत अशी. प्लॅस्टिकच्या बादलीत नळाचं साडेसात लिटर पाणी, त्यात अडीच लिटर उकळतं. साधारण ४५ अंशांच्या आत-बाहेर होतं: हात घालवतो, पण फार वेळ ठेववत नाही इतपत. यापेक्षा गार पाण्यात पावडर आळशी होते, यापेक्षा कढत पाण्यात शॉर्ट्सचं इलॅस्टेन आणि छापील अक्षरं कुरकुरतात. पावडर पन्नास ग्रॅम, म्हणजे सपाट तीन-चार मोठे चमचे. आधी ती पुरती विरघळवायची, हातमोजे घालून, आणि मग कपडे उलटे करून बुडवायचे, कारण घाण आतल्या बाजूला असते. तासभर, फार तर दोन तास. रात्रभर भिजत ठेवण्यात अर्थ नाही. काही तासांत पावडरीचा जोर संपतो, नंतर नुसता रंग सुटत राहतो. मग पिळून मशीनमध्ये, एन्झाइमवालं लिक्विड टाकून नेहमीसारखं धुणं. त्या लिक्विडमधलं लायपेज तेलावर काम करतं, त्यामुळे पाकिटावर एन्झाइमचा उल्लेख आहे का ते पाहून घेतलेलं बरं. सॉफ्टनर मात्र बंद. तो धाग्यावर चिकट थर देतो, घाम शोषून बाहेर टाकायची कपड्याची ताकद कमी करतो आणि वास आत कोंडतो.

या पद्धतीचेही त्रास आहेत, लपवत नाही. पाणी तापवावं लागतं, आणि दर वेळी नव्याने कालवावं लागतं. उरलेलं द्रावण बाटलीत भरून झाकण लावलं तर आत वायू साठून बाटली फुगते, फुटूही शकते. बोअरवेलचं जड पाणी असेल तर सोड्यामुळे करड्या रंगाची पुटं बसतात, तेव्हा विसळणी एक वाढवावी लागते. आणि रंग. माझा मरून टी-शर्ट पहिल्याच बादलीत सुटला, आणि सोबतच्या पांढऱ्या शॉर्ट्सला जांभळाच्या गरासारखी कडा आली. तेव्हापासून नवा कपडा आला की शिवणीच्या आतल्या बाजूला द्रावणाचे दोन थेंब टाकून दहा मिनिटांनी पांढऱ्या रुमालाने टिपून बघतो. लोकर आणि रेशीम या बादलीत कधीच नाही.

काम झालं की नाही हे कोरड्या कपड्याचा वास घेऊन कळत नाही, त्यातच बहुतेकांची फसगत होते. मी वाळलेल्या टी-शर्टच्या काखेवर कोमट पाण्याचे चार थेंब शिंपडतो, तो भाग तळहातांत दाबून दहा-पंधरा सेकंद धरतो आणि मग हुंगतो. बायकोने पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा तिला माझी काळजी वाटली. पण हीच खरी परीक्षा. सॅनिटायझरच्या काळात माझे पाचपैकी तीन टी-शर्ट नापास झाले होते. परकार्बोनेटच्या पहिल्या भिजवणीनंतर एकच राहिला, दुसऱ्या भिजवणीनंतर तोही सुटला. आता दर तिसऱ्या-चौथ्या धुण्याला एक बादली पुरते, रोज लागत नाही. पावसाळ्यात मात्र त्यालाही मर्यादा पडते: जुलैत कपडा दोन दिवस ओला राहिला तर येणारा कुबट वास वेगळाच, तो धुण्याने नव्हे तर पंख्याखाली पटकन वाळवून टळतो. जिमच्या बॅगेत ओला गोळा करून ठेवणाऱ्यांना मी काय सांगणार, मीही तेच करायचो.

सॅनिटायझर कुणी घ्यावं? मशीनला सॉफ्टनरचा कप्पा आहे, गरम पाण्याची सोय नाही, कपडे नवे आहेत आणि वास अजून मुरलेला नाही, अशांना ते सोपं पडेल. गडद, रंग सुटणारे कपडे असतील तरी तेच बरं. विसळूनही त्याचा अंश कपड्यावर राहतो, त्यामुळे ज्यांना काखेत खाज किंवा पुरळ येतं त्यांनी जरा जपून. बाकी, जुना वास बसलेले कपडे असतील तर मी आधी परकार्बोनेटची बादली करीन, आणि वाटलंच तर नंतर सॅनिटायझर. उलट क्रमाने माझा तरी उपयोग झाला नाही.

एका टी-शर्टवर मात्र दोघांचीही मात्रा चालली नाही. सहा वर्षांचा, एका मॅरेथॉनमध्ये मिळालेला. काखेत कापड ताठ आणि चकचकीत झालेलं. तीन बादल्या, दोन प्रकारची लिक्विडं, सगळं करून झालं. शेवटी तो कापून त्याचे चार तुकडे केले. सध्या ते बाल्कनीत सायकलची साखळी पुसतात.